धावांचा ताळा

८ नोव्हेंबर २०२१. सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत विदर्भाने मणिपूरविरुद्ध ४ बाद २२२ धावा केल्या आणि मणिपूरचा डाव ५५ धावांत गुंडाळला. त्या डावात आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या अक्षय कर्णेवारने चार षटके टाकली. चारही निर्धाव, दोन बळी. धावफलकावर त्याच्या नावापुढे ४-४-०-२ असे आकडे लागले. टी-ट्वेंटीत आपली चारही षटके निर्धाव टाकणारा पहिला गोलंदाज म्हणून त्याची नोंद झाली. पुढे जून २०२४ मध्ये विश्वचषकात न्यूझीलंडच्या लॉकी फर्ग्युसननेही पापुआ न्यू गिनीविरुद्ध चार निर्धाव षटके टाकली, तेव्हा यवतमाळच्या पोराची आठवण पुन्हा निघाली.

ही बातमी वाचली तेव्हा सगळ्यात आधी माझी नजर मधल्या शून्यावर गेली. अक्षय दोन्ही हातांनी गोलंदाजी करतो, हे त्याचे कौतुक सगळ्यांना ठाऊक आहे. पण मी आयुष्यभर मैदानाच्या कडेला टेबल टाकून स्कोअर लिहिलेला माणूस. त्या शून्याचा नेमका अर्थ मला दिसत होता. त्या चोवीस चेंडूंवर एकाही फलंदाजाच्या बॅटीतून धाव निघाली नाही, एकही वाइड पडला नाही, एकही नोबॉल पडला नाही. एवढेच त्या शून्यात आहे. त्या चोवीस चेंडूंत मणिपूरची धावसंख्या हललीच नाही, असे त्यावरून म्हणता येत नाही. यष्टिरक्षकाच्या हातून चेंडू सुटून बाय गेली असती किंवा पायाला लागून लेग बाय निघाली असती, तर संघाच्या खात्यात धावा चढल्या असत्या आणि अक्षयचे षटक तरीही निर्धावच राहिले असते.

स्कोअर लिहायला बसणाऱ्या नव्या पोराला हे पहिल्याच दिवशी समजले पाहिजे. हे समजले नाही तर डावाच्या शेवटी त्याचा ताळा कधीच लागणार नाही. पुढच्या पानांची ओळख करून देताना म्हणूनच मी सुरुवात इथून केली.

धावसंख्या एकच असते, पण स्कोअरबुकात ती तीन ठिकाणी वाढत असते. फलंदाजांच्या ओळींत प्रत्येकाच्या धावा आणि त्याखाली अवांतर, म्हणजे वाइड, नोबॉल, बाय आणि लेग बाय. गोलंदाजांच्या चौकटींत प्रत्येकाने दिलेल्या धावा. आणि तिसरी ती छापील आकड्यांची टॅली, जिच्यात एक, दोन, तीन असे आकडे आपण धाव होईल तसे खोडत जातो. तिन्ही जागा एकमेकींपासून वेगळ्या भरल्या जातात, म्हणूनच त्या एकमेकींची साक्ष देऊ शकतात. मैदानातला फलक ही चौथी जागा नव्हे. फलक म्हणजे पुस्तकाची नक्कल, आणि तीही बहुतेक वेळा एखाद्या शाळकरी पोराने खिळ्यावर पत्र्याचे आकडे टांगून केलेली. फलकाशी आकडे जुळवायचे असतात हे खरे. पण ते कोण चुकले हे शोधण्यासाठी. फलकावर दिसते म्हणून पुस्तकात खाडाखोड करणे हा या कामातला सगळ्यात मोठा गुन्हा, असे मी मानतो.

आता हिशेब. फलंदाजांच्या धावांची बेरीज आणि चारही प्रकारच्या अवांतर धावा मिळून संघाची धावसंख्या होते. दुसऱ्या बाजूने, गोलंदाजांनी दिलेल्या धावांची बेरीज करायची आणि तिच्यात फक्त बाय आणि लेग बाय मिळवायच्या, कारण वाइड आणि नोबॉलचा भार गोलंदाजाच्या खात्यात आधीच पडलेला असतो. दोन्ही वाटांनी एकच आकडा आला पाहिजे. पंचांनी एखाद्या संघाला शिक्षा म्हणून पाच धावा दिल्या तर त्याही अवांतरात येतात, पण त्या ना फलंदाजाच्या असतात ना गोलंदाजाच्या, म्हणून दोन्ही बाजूंना वेगळ्या धरायच्या.

जुने स्कोअरकार्ड तपासणाऱ्यांनी इथे जरा जपून राहावे. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वाइड आणि नोबॉल गोलंदाजाच्या नावावर धरत नसत. त्या काळातल्या सामन्याची गोलंदाजांकडून बेरीज केली तर तिच्यात सगळीच्या सगळी अवांतर मिळवावी लागते. आणि २०१७ च्या नियमावलीपासून आणखी एक गोष्ट बदलली. नोबॉलवर चेंडू बॅटीला न लागता पळून काढलेल्या धावा आधी नोबॉलच्याच रकान्यात जात. आता नोबॉलची एक धाव नोबॉलमध्ये आणि बाकीच्या बाय किंवा लेग बायमध्ये लिहायच्या. म्हणजे गोलंदाजाला एकाचाच भार. वाइडचे मात्र तसे नाही. वाइडवर जेवढ्या निघतील तेवढ्या सगळ्या वाइडच, आणि सगळ्या गोलंदाजाच्या माथी.

हे वाचायला सोपे आहे. चूक नेमकी कुठे शिरते हे समजायला एक डाव जवळून पाहिला पाहिजे. जिल्ह्यातल्याच एका मैदानावरचा, वीस षटकांचा, मी स्वतः लिहिलेला. हिवाळ्यातली दुपार होती, कापूस वेचणीचे दिवस, बाहेरगावचा संघ उशिरा आल्यामुळे सामना घाईत सुरू झाला होता आणि माझ्या शेजारी दुसरा स्कोअरर नव्हता. तो असायला हवा. नियमाप्रमाणे दोन स्कोअरर असतात आणि त्यांनी मधूनमधून आणि प्रत्येक विश्रांतीला एकमेकांचे आकडे जुळवायचे असतात. आपल्याकडे एकावरच भागते, आणि म्हणूनच आपल्याला ताळ्याची गरज जास्त.

डाव संपला तेव्हा फलकावर ७ बाद १४७ होते. फलंदाजांच्या ओळी अशा होत्या: ३८, ७, ४१, ०, १९, १२, ४, नाबाद ५ आणि नाबाद २. बेरीज १२८. अवांतराच्या रकान्यात वाइड ५, नोबॉल ३, बाय ४, लेग बाय ३, म्हणजे १५. एकूण १४३. फलक म्हणतो १४७, पुस्तक म्हणते १४३. फलंदाजी करणाऱ्या संघाचा कर्णधार टेबलाशी येऊन उभा होता, दुसऱ्या संघाचा मॅनेजर त्याच्या मागे. दोघांनाही आपापला आकडा हवा होता.

अशा वेळी पहिली गोष्ट करायची ती म्हणजे फलंदाजांची बेरीज तशीच सोडून गोलंदाजांकडे जायचे. पाच गोलंदाज, प्रत्येकी चार षटके, धावा २८, ३१, २४, ३६ आणि २१. बेरीज १४०. त्यात बाय ४ आणि लेग बाय ३ मिळवल्या की १४७. म्हणजे गोलंदाजांची बाजू फलकाशी जुळली, फलंदाजांची बाजू चारने कमी पडली. आता शोधायची जागा अर्ध्यावर आली. गोलंदाजाच्या चौकटीत आहे पण फलंदाजाच्या ओळीत किंवा अवांतरात नाही, अशी चार धावांची एक नोंद कुठेतरी असणार.

चारचा फरक बोलका असतो. चारने कमी असेल तर दोनच शक्यता बहुधा खऱ्या निघतात. एक, एखादा चौकार गोलंदाजाच्या चौकटीत लिहिला आणि फलंदाजाच्या ओळीत चढवायचा राहिला. दोन, सीमेपार गेलेला वाइड. मी चौदाव्या षटकापाशी पोहोचलो तेव्हा ती नोंद सापडली. वाइडची खूण अधिकाच्या चिन्हासारखी करतात. वाइडवर आणखी धावा निघाल्या तर त्या चिन्हाच्या कोपऱ्यांत तेवढे ठिपके द्यायचे. गोलंदाजाच्या चौकटीत अधिक आणि चारही कोपऱ्यांत चार ठिपके स्पष्ट होते. म्हणजे पाच वाइड. पंचांनी आधी दोन्ही हात पसरले होते, मग सीमारेषेची खूण केली होती, आणि मी चौकटीत बरोबर लिहिले होते. पण अवांतराच्या रकान्यात हात सवयीने एकच लिहून गेला. खरे वाइड ९, अवांतर १९, आणि १२८ अधिक १९ म्हणजे १४७. फलक बरोबर होता.

फलकावर पत्रे टांगणारा पोरगा नववीत शिकत होता. त्याला बाय आणि लेग बायमधला फरकही नीट सांगता आला नसता. पण पंचांच्या दोन्ही खुणा त्याने पाहिल्या आणि पाच वाढवले. लक्ष्य १४८ जाहीर झाले आणि दुसरा संघ १४५ वर थांबला. मी १४३ वर अडून बसलो असतो, तर लक्ष्य १४४ राहिले असते आणि त्या मुलांनी सामना जिंकला असता. सामना झाल्यावर मी त्या पोराला चहा पाजला आणि चिन्हातले चार ठिपके दाखवले.

त्याच डावात आणखी एक ताळा होता, आणि तो धावांचा नव्हता. फलंदाजांनी खेळलेल्या चेंडूंची बेरीज १२३ येत होती. वीस षटकांचे वैध चेंडू १२०, आणि तीन नोबॉल, कारण नोबॉल फलंदाजाने खेळलेला चेंडू म्हणून धरतात, वाइड धरत नाहीत. चेंडूंची बेरीज जुळली तर नोबॉलची संख्या खरी आहे, याची ग्वाही मिळते. धावांच्या ताळ्याला हा भाऊ जोडून दिला की शोध निम्म्या वेळात संपतो.

फरकाच्या आकड्यावरून चूक ओळखण्याची ही रीत व्यापाऱ्यांच्या कीर्दीतून आलेली आहे, आणि जुने दिवाणजी ती अजून वापरतात. फरक एकाचा असेल तर सुटलेला वाइड, नोबॉल किंवा लेग बाय. फरक ९ ने भागला जात असेल तर दोन आकडे उलटे लिहिले गेले असण्याची शंका घ्यावी. ४१ च्या जागी १४ लिहिले की फरक २७ येतो. ३६ चे ६३ झाले तरी २७ च. घाईत बेरजेच्या कागदावर आकडे उतरवताना हे फार होते. आणि फरक सम असेल तर त्याच्या निम्म्याची एखादी नोंद उलट्या बाजूला गेली आहे का, हे पाहावे. बायच्या दोन धावा मिळवायच्या ऐवजी वजा झाल्या असतील तर फरक चारचा दिसतो, दोनचा नाही. प्रत्येक फलंदाजाची ओळ स्वतंत्रपणेही तपासता येते. ५ जानेवारी २०१६ रोजी कल्याणच्या प्रणव धनावडेने शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. त्यात १२९ चौकार आणि ५९ षटकार होते. चौकारांचे ५१६, षटकारांचे ३५४, मिळून ८७०. उरलेल्या १३९ धावा पळून काढलेल्या. एवढ्या मोठ्या ओळीत एकेरी-दुहेरीचे आकडे मोजून हे १३९ येतात का, हे त्या पुस्तकातूनच ठरवायचे असते.

पुस्तक आणि फलक यांचा सगळ्यात गाजलेला तंटा इंग्लंडात, लेटनच्या मैदानावर झाला. जून १९३२ मध्ये यॉर्कशायरचे पर्सी होम्स आणि हर्बर्ट सटक्लिफ एसेक्सविरुद्ध सलामीला खेळत होते. पहिल्या विकेटच्या भागीदारीचा विक्रम ५५४ धावांचा होता. तोही यॉर्कशायरच्याच ब्राउन आणि टनिक्लिफ यांनी १८९८ मध्ये केलेला. फलकावर ५५५ लागले. विक्रम झाला असे समजून सटक्लिफने पुढचाच चेंडू बॅटीला लावून यष्ट्यांवर घेतला, डाव घोषित झाला आणि दोघे फलकाखाली छायाचित्राला उभे राहिले. इतक्यात फलक बदलून ५५४ झाला. सटक्लिफच्या ३१३ आणि होम्सच्या नाबाद २२४ मिळून ५३७ होतात. म्हणजे वाद फलंदाजांच्या धावांचा नव्हताच. अवांतर १७ होती की १८, एवढाच प्रश्न होता. मग शोध घेतल्यावर एक नोबॉल नोंदवायचा राहिला होता असे निघाले, अवांतर १८ झाली आणि ५५५ कायम राहिले.

त्या नोबॉलबद्दल पुढे बरीच वर्षे लोक संशयाने बोलत राहिले, आणि मला वाटते त्यामागे कारण आहे. त्या काळी नोबॉल गोलंदाजाच्या धावांत धरत नव्हते, हे वर सांगितलेच आहे. त्यामुळे गोलंदाजांच्या बेरजेतून तो राहिलेला नोबॉल पकडता येत नव्हता. फक्त चौकटीतली खूण आणि अवांतराचा रकाना, एवढ्याच दोन जागा बोलू शकत होत्या. आजचा नियम असता तर गोलंदाजाच्या आकड्यात ती धाव दिसली असती आणि तिसरी साक्ष मिळाली असती. वाइड आणि नोबॉलचा भार गोलंदाजावर टाकण्याचा नियम खेळासाठी चांगला की वाईट, यावर लोक वाद घालतात. स्कोअरबुकासाठी तो फार चांगला ठरला.

पण ताळा जुळला म्हणजे पुस्तक खरे, असे समजू नये. हे मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण टॅली जुळल्याच्या आनंदात नवी पोरे इथेच फसतात. पायाला लागून गेलेली एक धाव. पंचांनी गुडघा उचलून त्यावर हात ठेवला आणि लेग बायची खूण दिली. तुम्ही खाली मान घालून लिहीत होता, खूण पाहिली नाही, आणि ती धाव फलंदाजाच्या नावावर आणि गोलंदाजाच्या चौकटीत लिहिली. आता फलंदाजाची एक वाढली, लेग बायची एक कमी झाली, गोलंदाजाची एक वाढली. दोन्ही बाजूंची बेरीज अचूक जुळेल. टॅली जुळेल, फलकही जुळेल. आणि फलंदाज ४९ वर बाद झाला होता तरी तुमच्या पुस्तकात त्याचे अर्धशतक लागलेले असेल. कुठल्याही गणिताने ही चूक सापडत नाही. ती फक्त त्या क्षणी, डोळ्यांनी, टाळता येते.

म्हणूनच नियमात स्कोअररचे एक काम असे सांगितले आहे की पंचांच्या प्रत्येक खुणेला हात वर करून पोच द्यायची. पोच मिळेपर्यंत पंच थांबतात आणि पुढचा चेंडू पडत नाही. आपल्या तालुक्यांच्या सामन्यांत ही पोच देण्याची सवय जवळजवळ नाहीच. स्कोअरर झाडाखाली बसतो, पंच तिकडे पाहतही नाही. एवढी एक गोष्ट बदलली तरी निम्म्या चुका मुळातूनच जातील.

धाव चुकीच्या फलंदाजाच्या नावावर गेली तरीही ताळा लागतो. इथे मात्र मार्ग आहे. जुन्या पद्धतीच्या पुस्तकात प्रत्येक फलंदाजाची एक ओळ असते आणि कोणता चेंडू कोणी खेळला हे तिच्यावरून कळत नाही. त्याऐवजी प्रत्येक चेंडू क्रमाने, स्ट्राइकवर असलेल्या फलंदाजाच्या खाली लिहिण्याची पद्धत आहे. एक धाव निघाली की फलंदाज टोक बदलतात, षटक संपले की गोलंदाजीचे टोक बदलते. या साध्या नियमाने पुढचा चेंडू कोणी खेळायला हवा हे ठरते. पुस्तकात त्या जागी दुसऱ्याचेच नाव असेल तर चूक मागच्या एक-दोन चेंडूंत आहे हे लगेच कळते. दोन फलंदाज एकाच उंचीचे, दोघांच्या डोक्यावर हेल्मेट आणि अंगावर सारखेच टी-शर्ट असतील तेव्हा ही पद्धत फार कामाला येते.

स्थानिक स्पर्धांचे नियमही आधी विचारून घ्यावेत. टेनिस बॉलच्या काही स्पर्धांत बाय देत नाहीत, काहींत वाइडची एकच धाव, चेंडू सीमेपार गेला तरी एकच. अशा सामन्यात माझे ते चार ठिपके चुकीचे ठरले असते. म्हणून टॉस होताना पंचांपाशी जाऊन हे विचारायचे आणि पानाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचे. सामना संपल्यावर कोणी काय ठरले होते ते सांगू लागले, तर त्या कोपऱ्यातल्या ओळीशिवाय तुमच्याकडे दुसरे काही नसते.

आणि वेळ महत्त्वाची आहे. सामना संपल्यावर पंचांनी स्कोअररसोबत आकडे तपासून ते बरोबर असल्याचे ठरवले, की नंतर निकाल बदलता येत नाही. मग घरी जाऊन शांतपणे बेरीज केली आणि वाइड सुटलेला सापडला, तरी त्याचा उपयोग नाही. दोन डावांच्या मधल्या विश्रांतीत दहा मिनिटे असतात. त्यातली पहिली पाच ताळ्याला द्यावीत. आधी अवांतराचा रकाना पुन्हा मोजावा, गोलंदाजांच्या चौकटींतल्या खुणांवरून. बहुतेक चुका तिथेच असतात, कारण फलंदाजाच्या धावेकडे सगळे मैदान पाहत असते आणि अवांतराकडे फक्त स्कोअरर. मग गोलंदाजांची बेरीज, मग फलंदाजांची. टॅलीचा शेवटचा खोडलेला आकडा सगळ्यात शेवटी पाहावा. आधी पाहिला तर हात नकळत त्या आकड्याकडेच बेरीज ओढत नेतो. हे मी माझ्या बाबतीत अनेकदा पाहिले आहे.

पुढच्या पानांत कोऱ्या चौकटी दिल्या आहेत, आणि प्रत्येक डावाखाली तीन रिकाम्या जागा आहेत: फलंदाज अधिक अवांतर, गोलंदाज अधिक बाय व लेग बाय, आणि टॅली. तिन्ही पेनाने भरायच्या. पेन्सिलने नको.